सावुआर की कोनेत्र? ‘माहीत आहे’च्या पुढे काय येतं ते पाहा

प्रश्न: फ्रेंचमध्ये ‘माहीत असणं’ यासाठी सावुआर आणि कोनेत्र अशी दोन क्रियापदं आहेत. ‘गोष्ट माहीत असेल तर सावुआर, माणूस ओळखीचा असेल तर कोनेत्र’ एवढं मी पाठ केलं आहे. पण पत्ता, गाणं, पोहणं, शहर असं काही आलं की हमखास चुकते. लवकरच फ्रान्समधल्या लियोंला राहायला जायचं आहे. मराठीतून विचार करून निवडता येईल अशी काही खूण आहे का? मी ऐकून शिकते, म्हणून उदाहरणांचे उच्चार देवनागरीतच द्या.

उत्तर:

खूण आहे, पण ती ‘गोष्ट की माणूस’ ही नाही. पत्ता ही गोष्टच आहे आणि शहरही माणूस नाही, तरी दोघांनाही कोनेत्र लागतं. त्यामुळे तो नियम तुम्हाला दगा देणारच. क्रियापदाच्या पुढे काय येतंय ते पाहा. पुढे अख्खं वाक्य किंवा दुसरं क्रियापद येत असेल तर सावुआर. पुढे नुसतं नाम असेल, मग ते माणसाचं असो, गावाचं असो की वस्तूचं, तर कोनेत्र. नामांच्या बाबतीत थोडा अपवाद आहे, त्याकडे पुढे येते.

उच्चारांबद्दल आधी दोन शब्द. मी ‘झ’ लिहीन तिथे ‘श’ म्हणा आणि तो म्हणतानाच गळ्यातून आवाज काढा, की फ्रेंच ध्वनी मिळेल. ‘झाड’मधला झ तिथे नको. ‘यु’ लिहीन तिथे तोंडात ‘इ’ ठेवून ओठ ‘उ’सारखे गोल करायचे. अनुस्वार नाकातून काढायचा, त्यात न किंवा म ऐकू येऊ द्यायचा नाही. देवनागरीत याहून जवळ जाता येत नाही, पण कोणतं क्रियापद वापरलं आहे ते ऐकणाऱ्याला कळायला एवढं पुरतं.

रूपं अशी. सावुआरची: झ से, त्यु से, इल से, नू साव्हों, व्हू साव्हे, इल साव्ह. कोनेत्रची: झ कोने, त्यु कोने, इल कोने, नू कोनेसों, व्हू कोनेसे, इल कोनेस. कोनेत्र लिहिलेलं पाहाल तेव्हा काही पुस्तकांत त्यातल्या एका अक्षरावर टोपी दिसेल, काहींत दिसणार नाही. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणेपासून ही टोपी ऐच्छिक आहे, त्यामुळे दोन्ही बरोबर. उच्चारात काहीच फरक पडत नाही.

आता मूळ मुद्दा. मराठीत आपण ‘ते’ किंवा ‘की’ घालून जी वाक्यं करतो, ती सगळी सावुआरची.

तो कुठे राहतो ते मला माहीत आहे: झ से ऊ इल आबीत.

पोस्ट ऑफिस दुपारी बाराला बंद होतं हे मला माहीत आहे: झ से क ला पोस्त फेर्म आ मिदी.

डॉक्टर आहेत का, तुम्हाला माहीत आहे का: व्हू साव्हे सी ल दोक्तर ए ला?

पहिल्यात ‘ऊ’ म्हणजे कुठे, दुसऱ्यात ‘क’ म्हणजे की, तिसऱ्यात ‘सी’ म्हणजे का किंवा जर. कोण, कधी, कसं, का, किती, काय, यांपैकी कोणत्याही शब्दाने सुरू होणारं वाक्य पुढे जोडायचं असेल तर आजच्या फ्रेंचमध्ये कोनेत्र चालतच नाही. इथे शंकेला जागा नाही, आणि रोजच्या बोलण्यात असली वाक्यंच सर्वांत जास्त येतात.

आता त्यातलंच पहिलं वाक्य घ्या आणि ‘कुठे राहतो ते’ याऐवजी ‘पत्ता’ म्हणा. मला त्याचा पत्ता माहीत आहे: झ कोने सों-नाद्रेस. माहिती तीच आहे. तुमच्या डोक्यात जे आहे त्यात तसूभर फरक पडलेला नाही, तरी क्रियापद बदललं, कारण आता पुढे वाक्य नाही, नाम आहे. मी वर्गात ही जोडी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते. ‘माहितीचा प्रकार’ शोधत बसायची सवय तिने सुटते. तशीच आणखी एक जोडी तुम्हाला लियोंमध्ये रोज लागेल. मला रस्ता माहीत आहे: झ कोने ल शमें. कुठून जायचं ते मला माहीत आहे: झ से पार ऊ पासे.

कानाने शिकणाऱ्यांसाठी याची एक परीक्षाही आहे. तुम्ही ‘झ से लियों’ म्हणालात, तर समोरचा माणूस काही क्षण गप्प राहील, कारण ‘झ से’ ऐकल्यावर तो पुढच्या वाक्याची वाट पाहतो. लियोंबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. उलट ‘झ कोने क ला पोस्त फेर्म’ म्हटलंत तर तो बहुतेक वेळा समजून घेईल, पण लगेच ‘आ, व्हू साव्हे क...’ असं म्हणून तुमचंच वाक्य नीट करून परत देईल. समोरच्याने तुमचंच वाक्य दुसऱ्या क्रियापदाने पुन्हा म्हटलं, की कान टवकारायचे. तुमच्या पुस्तकापेक्षा हा धडा जास्त टिकतो.

तुम्हाला दातांचा डॉक्टर शोधायची वेळ येईल तेव्हा दोन्ही वाक्यं जवळ ठेवा. ‘व्हू साव्हे ऊ इल या अं दांतिस्त?’ म्हणजे दंतवैद्य कुठे आहे ते माहीत आहे का. याचं उत्तर म्हणून तुम्हाला रस्ता सांगितला जाईल. ‘व्हू कोनेसे अं बों दांतिस्त?’ म्हणजे एखादा चांगला दंतवैद्य तुम्हाला माहीत आहे का. याचं उत्तर म्हणून एक नाव आणि त्याबरोबर बोलणाऱ्याचा स्वतःचा अनुभव मिळेल. कोनेत्रमध्ये संबंध येऊन गेल्याचा हा भाव बहुतेक वेळा असतो. शहर कोनेत्र करायचं म्हणजे तिथे राहिलेलं, निदान फिरलेलं असावं लागतं. पॅरिस फ्रान्सची राजधानी आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण ‘झ कोने पारी’ म्हणायला पारीला गेलेलं असावं लागतं.

आता नामांच्या अपवादाकडे. नाव, उत्तर, सत्य अशा थोड्या शब्दांबरोबर दोन्ही क्रियापदं चालतात. ‘झ से सों नों’ आणि ‘झ कोने सों नों’, दोन्हींचा अर्थ मला त्याचं नाव माहीत आहे. इथे चुकायची भीती बाळगू नका; ठरत नसेल तेव्हा नामापुढे कोनेत्र घ्या. खरा फरक पडतो तो पाठ असण्यात. कविता, धडा, नाटकातली भूमिका, असं जे आपण शब्दन् शब्द म्हणून दाखवू शकतो, त्याला सावुआर शोभतं. मला ही कविता पाठ आहे: झ से स पोएम पार कर. शेवटच्या दोन शब्दांचा शब्दशः अर्थ ‘हृदयाने’ असा होतो, आणि त्यातल्या ‘कर’मधला अ ओठ गोल करून म्हणायचा. गाण्याचं मात्र बघा. ‘झ कोने सेत शांसों’ म्हणजे हे गाणं मी ऐकलेलं आहे, ओळखीचं आहे. ते म्हणता येईलच असं नाही. मराठीत ‘मला हे गाणं माहीत आहे’ आणि ‘मला हे गाणं येतं’ यांत आपण जो फरक करतो, जवळपास तोच हा.

आणि ‘येतं’ म्हटलं की आपण मराठी माणसांच्या सगळ्यात मोठ्या खड्ड्याशी येतो. त्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

कौशल्यासाठी सावुआर आणि त्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप. मला पोहता येतं: झ से नाझे. मला शिवता येतं: झ से कूद्र. तिला गाडी चालवता येते: एल से कोंद्युईर. मधे ‘कसं’ घालायचं नाही. इंग्रजी माध्यमातून आलेले विद्यार्थी ‘झ से कोमां नाझे’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ पोहण्याची रीत कशी असते ते मला ठाऊक आहे, असा काहीसा होतो. पाण्यात उतरलेला माणूस असं बोलत नाही. ‘कोमां’ला जागा आहे, पण ती पद्धत किंवा मार्ग सांगताना: झ से कोमां आले आ ला गार, स्टेशनला कसं जायचं ते मला माहीत आहे. बाकी ‘शिवता येतं’ या मराठी रचनेतून तुम्ही थेट ‘से कूद्र’वर पोचू शकता. मधे इंग्रजीला आणू नका, मराठीच इथे जवळची वाट आहे.

खड्डा पुढे आहे. मराठीतलं ‘-ता येणं’ दोन कामं करतं. ‘मला पोहता येत नाही’ याचा अर्थ मी पोहायला शिकलेच नाही, असा होतो. आणि हात प्लास्टरमध्ये असताना ‘सध्या मला पोहता येत नाही’ म्हटलं, तर शिकलेली आहे पण आज शक्य नाही, असा. मराठीत संदर्भावरून आपल्याला कळतं आणि आपण पुढे जातो. फ्रान्समधल्या फ्रेंचमध्ये दुसऱ्या अर्थाला सावुआर चालत नाही. तिथे पुव्हुआर हे तिसरंच क्रियापद लागतं: झ न पऽ पा नाझे. शिकलेलंच नाही तर: झ न से पा नाझे.

याची परीक्षा मराठीतच घेता येते. ‘येत नाही’च्या जागी ‘शिकले नाही’ घालून पाहा. वाक्याचा अर्थ टिकला तर सावुआर. ‘शक्य नाही’ किंवा ‘जमणार नाही’ घातल्यावर टिकला तर पुव्हुआर. ‘मला शनिवारी येता येणार नाही’ यात ‘मी शनिवारी यायला शिकले नाही’ हे निरर्थक आहे, म्हणून ‘झ न पऽ पा व्हनीर साम्दी’. माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडून होणाऱ्या चुकांत ही चूक सर्वांत चिवट आहे. बी-टू पातळी ओलांडलेल्यांच्या तोंडूनही ती निसटते, कारण ती मराठीच्या फार आतून येते. ‘मला भाषा येते’ हेही वेगळं काढून ठेवा. ‘मला थोडं फ्रेंच येतं’ याला सावुआरही नको आणि कोनेत्रही नको, सरळ ‘मी बोलते’ म्हणायचं: झ पार्ल अं पऽ फ्रांसे.

आता माणसं. इथे कोनेत्र लागतं हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण मराठीतला ‘ओळखणे’ हा शब्द इथेही दोन वाटांनी जातो. ‘मी तिला ओळखत नाही’ म्हणजे आमचा परिचय नाही: झ न ला कोने पा. ‘मी तिला ओळखलं नाही’ म्हणजे परिचय होता, पण समोर आल्यावर लक्षात आलं नाही: झ न ले पा रकोन्यु. दुसऱ्यासाठी रकोनेत्र, म्हणजे कोनेत्रला ‘र’ लावून झालेलं क्रियापद. बऱ्याच काळाने भेटलेल्या बाईंनी ‘ओळखलंस का मला?’ विचारलं आणि तुम्ही ‘नाही, झ न व्हू कोने पा’ म्हणालात, तर त्या दुखावतील. तुमची-माझी कधी ओळखच नव्हती, असं तुम्ही सांगितल्यासारखं होईल. मराठीत काळाच्या रूपावरून (ओळखत, ओळखलं) जो भेद होतो, तो फ्रेंचमध्ये वेगळ्या शब्दाने होतो, एवढं ध्यानात असलं की पुरे.

ओळखीच्या पायऱ्याही याच क्रियापदाने सांगता येतात. झ ला कोने द नों: नावाने माहीत आहे, भेट नाही. झ ला कोने द व्ह्यु: चेहरा माहीत आहे, बोलणं कधी झालेलं नाही, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांसाठी हे फार उपयोगी. झ ला कोने बियें: चांगली ओळख आहे. आणि ओळख अजिबात नसलेल्या माणसाबद्दल माहिती असेल तर पुन्हा वाक्यावर या, म्हणजे सावुआर आपोआप येईल. समोरून जाणाऱ्या बाईंकडे बोट न दाखवता हळूच विचारायचं असेल, ‘त्या कोण आहेत माहीत आहे का?’, तर: त्यु से की से? ‘तुझी त्यांच्याशी ओळख आहे का?’ असेल तर: त्यु ला कोने? पहिल्याला ‘हो, नगराध्यक्षा आहेत’ असं उत्तर येईल. दुसऱ्याला ‘नाही, पण माझ्या बहिणीची आहे’ असं येऊ शकेल.

भूतकाळात दोन्ही क्रियापदांचा रंग बदलतो, आणि इथे मराठी तुम्हाला हात देते. चालू राहिलेली स्थिती सांगणारं रूप ‘झ साव्हे’, मला माहीत होतं. एका क्षणी घडून गेलेलं सांगणारं रूप ‘झे स्यु’, मला कळलं. ‘माहीत होतं’ आणि ‘कळलं’ असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेतच, फक्त ते फ्रेंच रूपांवर बसवायचे. कोनेत्रचंही तसंच. झ कोनेसे सों फ्रेर: मी त्याच्या भावाला ओळखत होते. झे कोन्यु मों मारी आ पुने: माझ्या नवऱ्याशी माझी ओळख पुण्यात झाली. ‘ओळख होती’ आणि ‘ओळख झाली’ यांतलं अंतर जसंच्या तसं.

‘स्यु’चा एक छान वापर पुस्तकांत मागे पडतो. कौशल्याच्या रचनेत ते आलं की ‘जमलं’ असा अर्थ निघतो. एल आ स्यु रेपोंद्र: तिला उत्तर देता आलं, म्हणजे त्या प्रसंगी तिने ते साधलं. आणि ‘कोन्यु’चा एक वापर अनुभवाचा. मों ग्रां-पेर आ कोन्यु ला फें, माझ्या आजोबांनी उपासमार पाहिली आहे. इथे ‘स्यु’ घालता येणार नाही, कारण भूक ही माहिती नाही, ती सोसलेली आहे.

आता हे सगळं एकत्र लावून पाहू. लियोंला जाताय म्हणून उदाहरणही तिथलंच घेते. तिथला क्रुआ-रूस हा चढावरचा भाग रेशीम विणणाऱ्या कारागिरांचा होता. त्यांना ‘कान्यु’ म्हणत, आणि झाकार नावाचा उंच विणकामाचा माग चढवता यावा म्हणून तिथल्या जुन्या घरांची छतं उंच बांधलेली दिसतात. समजा त्या भागातल्या कपडे दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात तुम्ही कामासाठी विचारायला गेलात. मनातलं मराठी असं असेल: ‘मला एका मैत्रिणीकडून कळलं की तुम्ही कोणीतरी शोधताय. ती मालकीणबाईंना ओळखते. मला शिवता येतं. रेशीम मला चांगलं माहीत आहे. दुकान सोमवारी किती वाजता उघडतं ते मला माहीत नाही. शनिवारी मला येता येणार नाही.’

पहिल्या वाक्यात ‘कळलं’ आहे आणि पुढे ‘की’, म्हणजे सावुआर, तेही घडून गेलेल्या रूपात: झे स्यु पार युनामी क व्हू शेर्शिये केल्कं. दुसऱ्यात माणसाची ओळख: एल कोने ला पात्रोन. तिसऱ्यात ‘शिवता येतं’, ‘शिकले आहे’ घालून अर्थ टिकतो: झ से कूद्र. चौथ्याशी जरा थांबा. ‘रेशीम माहीत आहे’ यात पुढे नाम आहे, आणि हाताखालून गेलेल्या कापडाशी असलेला परिचय सांगायचा आहे: झ कोने बियें ला सुआ. त्याहून पुढे जाऊन ‘मला रेशमातलं कळतं’, जाणकारी आहे, असं म्हणायचं असेल तर फ्रेंचमध्ये त्यासाठी ठरलेली रचना आहे: झ मी कोने आं सुआ. मोटारीतलं, वाइनमधलं, संगीतातलं कळणारा माणूस असंच बोलतो, आणि हे वाक्य ऐकल्यावर मालकीणबाई तुम्हाला कापडाचा तुकडा हातात देऊन प्रश्न विचारतील याची तयारी ठेवा.

पाचव्यात ‘किती वाजता... ते’: झ न से पा आ केल अर ला बुतीक ऊव्ह्र. ‘दुकानाची वेळ माहीत नाही’ असं नाम वापरून म्हटलं असतं तर मात्र कोनेत्रकडे वळावं लागलं असतं. सहाव्यात ‘येता येणार नाही’, इथे ‘शक्य नाही’ बसतं, म्हणून पुव्हुआर: झ न पऽ पा व्हनीर साम्दी. सहा वाक्यांत सावुआर तीनदा आलं, कोनेत्र दोनदा, आणि एकदा यांतलं कोणतंच नाही. मराठीत यांतल्या दोन वाक्यांत ‘माहीत’ आहे, दोनांत ‘येणं’, एकात ‘ओळखणं’, एकात ‘कळणं’. शब्दाला शब्द लावायला गेलं तर जुळत नाही, हे इथे स्वच्छ दिसतं.

ऐकून शिकता म्हणून उत्तरांबद्दलही सांगते. कोणी ‘त्यु से क पोल ए पार्ती?’, पोल गेला हे तुला माहीत आहे का, असं विचारलं तर उत्तर ‘वी, झ से’. कोणी ‘त्यु कोने स रेस्तोरां?’ विचारलं तर ‘वी, झ कोने’. प्रश्नातलंच क्रियापद उचलून परत द्यायचं, बस. पण ‘ल’ हे सर्वनाम आलं की सावध राहा. ‘त्यु ल से’ म्हणजे ते तुला माहीत आहे, ती गोष्ट. ‘त्यु ल कोने’ म्हणजे तू त्याला ओळखतोस, तो माणूस. दोन्हींत ‘ल’ एकच, आणि त्याचा अर्थ क्रियापदच ठरवतं. ‘काही’, ‘काहीच नाही’, ‘सगळं’ हे शब्द नामासारखे दिसले तरी त्यांच्यामागे माहिती असते, म्हणून सावुआर: झ नां से रियें, मला त्यातलं काहीच माहीत नाही. बोलताना लोक ‘झ न से पा’ इतकं आवळतात की ‘शे पा’ एवढंच ऐकू येतं. ते वेगळं क्रियापद नाही.

मुळाबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती आपल्या फार जवळची आहे. कोनेत्र ज्या लॅटिन क्रियापदातून आलं, त्याचा धातू आणि आपला ‘ज्ञा’ हा धातू एकाच प्राचीन मुळातले. ‘जाणणे’ही त्यातूनच आलं. सावुआर मात्र चव घेणे, चव असणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलं. पण या नात्यावर विसंबून ‘जाणते’च्या जागी डोळे मिटून कोनेत्र घालू नका. मराठीत ‘मी जाणते की...’ चालतं, फ्रेंचमध्ये त्याला सावुआरच हवं.

हे सगळं फ्रान्समधल्या फ्रेंचचं झालं. ट्रेनने बेल्जियमला गेलात तर तिथे ‘झ न से पा व्हनीर दमें’ असं सर्रास ऐकाल, आणि त्याचा अर्थ ‘मला उद्या येता येणार नाही’ असाच असेल. तिथल्या बोलीत सावुआर हे ‘शक्य असणं’ही सांगतं, अगदी आपल्या ‘येणं’सारखं. ते तिथे चूक मानलं जात नाही, पण लियोंमध्ये तसं बोललात तर यायचं कसं तेच तुम्हाला माहीत नाही, असं लोकांना वाटेल. मॉरिशसमध्ये याच्या उलट झालं आहे. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज तिथे फ्रेंचवरून घडलेली जी क्रिओल भाषा बोलतात, तिच्यात कोनेत्रपासून आलेला ‘कोने’ हा शब्द दोन्ही कामं करतो. ‘मो पा कोने’ म्हणजे मला माहीत नाही, आणि ‘मो कोन लीर’ म्हणजे मला वाचता येतं. तुमचे कोणी नातेवाईक तिकडे असतील आणि त्यांच्याशी बोलून सराव करणार असाल, तर माहितीच्या आणि कौशल्याच्या वाक्यांत त्यांचा ‘कोने’ उचलू नका. लियोंमध्ये त्या जागी ‘से’च लागेल.